ओळ कुठे मोडावी

माझगावावर दोन मिनिटांची प्रचारफीत करायची आहे असं धरून चालू. टेकडीवरची जोसेफ बॅप्टिस्टा बाग, तिथून खाली दिसणारं बंदर, म्हातारपाखाडीतली जुनी घरं आणि शेवटी डॉक, असा तिचा प्रवास आहे. निवेदक बोलतो आहे आणि पडद्याच्या खालच्या बाजूला त्याचंच बोलणं मराठी कॅप्शनमध्ये येतं आहे. निवेदनात एक वाक्य असं आहे:

१५ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या सुरत आणि निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी नौदलात दाखल झाल्या.

वाक्यातली माहिती खरी आहे आणि निवेदकाच्या तोंडी ते चांगलं वाटतं. आता ते पडद्यावर आणायचं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीची मर्यादा ४२ वर्णांची ठेवलेली असते. हा आकडा इंग्रजी सबटायटलांच्या रिवाजातून आला आहे. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीतही तोच आहे. मजकूर टाकला की सॉफ्टवेअर ४२ च्या आत बसतील तेवढे शब्द पहिल्या ओळीत कोंबतं, उरलेले पुढच्या ओळीत ढकलतं. आपल्या वाक्याचं त्यानं असं केलं:

१५ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी माझगाव
डॉकमध्ये बांधलेल्या सुरत आणि निलगिरी या
युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी नौदलात
दाखल झाल्या.

यातला प्रत्येक तुकडा चुकीच्या जागी तुटला आहे. ‘माझगाव’ एका ओळीत आणि ‘डॉकमध्ये’ दुसऱ्या ओळीत गेल्यामुळे पहिली ओळ वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं की त्या दिवशी माझगावात काहीतरी घडलं. ‘या’ ओळीच्या टोकाला लोंबकळतो; तो कशाकडे बोट दाखवतो आहे ते पुढच्या ओळीत गेल्याशिवाय कळत नाही. दोन दोन ओळींचं एक कॅप्शन धरलं, तर ‘या’ आणि ‘युद्धनौका’ यांच्यामध्ये अख्खं कॅप्शन बदलतं. ‘नौदलात’ आणि ‘दाखल’ हे बोलताना कधी सुटे होत नाहीत, तेही इथे सुटले. सॉफ्टवेअरनं मोजणी अचूक केली आहे. ओळ मोडायची कुठे हे मात्र मोजणीनं ठरत नाही, आणि ही पुस्तिका त्याच एका प्रश्नासाठी आहे.

हाच मजकूर हातानं मोडताना बरेच जण पहिल्यांदा असं करतात: ‘१५ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी’ ही एक ओळ, तिच्याखाली ‘माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या’. पुढच्या कॅप्शनमध्ये दोन युद्धनौका आणि पाणबुडी, आणि तिसऱ्यात एकटं ‘नौदलात दाखल झाल्या.’ सॉफ्टवेअरपेक्षा हे पुष्कळ बरं आहे. तरी दोन गोष्टी खटकतात. ‘बांधलेल्या’ हे विशेषणासारखं येणारं रूप ज्या नामाला धरून आहे ते नाम पुढच्या कॅप्शनमध्ये गेलं. वाचणारा ‘बांधलेल्या’ पाशी थांबतो, आणि त्याच्यासमोरून मजकूर पुसला जातो. दुसरं म्हणजे क्रियापद एकटं पडलं. मराठी वाक्याचा सगळा भार शेवटच्या क्रियापदावर असतो. ते एकटं आलं की त्याचा कर्ता आठवावा लागतो, आणि कर्ता तर केव्हाच पडद्यावरून गेलेला असतो.

थोडं सरकवलं की दोन्ही अडचणी एकदम सुटतात:

```
1
00:00:41,000 --> 00:00:44,000
१५ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी

2
00:00:44,080 --> 00:00:48,400
माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या
सुरत आणि निलगिरी या युद्धनौका

3
00:00:48,480 --> 00:00:52,000
आणि वाघशीर ही पाणबुडी
नौदलात दाखल झाल्या.
```

पहिल्या कॅप्शनमध्ये फक्त दिवस आहे. एका ओळीचं कॅप्शन म्हणजे जागा वाया गेली असं समजू नये. निवेदकही तिथे श्वास घेतो. दुसऱ्यात ‘बांधलेल्या’ आपल्या नामाच्या डोक्यावर बसलं आहे. तिसऱ्यात ‘आणि’ नव्या ओळीच्या सुरुवातीला आल्यामुळे यादी अजून चालू आहे हे कळतं, आणि क्रियापदाला पाणबुडीची सोबत आहे. दोन कॅप्शनांमध्ये ८० सहस्रांश सेकंदांची फट ठेवली आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या फितीत ती दोन फ्रेमची होते. ती नसेल तर एक मजकूर जाऊन दुसरा आला हे डोळ्याला नीट जाणवत नाही, विशेषतः दोन्हींची लांबी सारखी असेल तेव्हा.

पडद्यावर अक्षरं किती आणि कशी मावतील ही चिंता भारतीय सिनेमाच्या जन्मापासूनची आहे, आणि ती मुंबईतच सुरू झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो मूकपट असल्यामुळे कथा सांगायला इंग्रजीबरोबर देशी भाषेतल्या पाट्याही मध्ये मध्ये दाखवाव्या लागत. त्या पाटीचं एक सुख होतं: ती दिसत असताना दुसरं काही बघायचं नसे. चित्र थांबायचं, पाटी यायची, प्रेक्षक ती वाचायचा आणि मग चित्र पुढे सरकायचं. आजच्या कॅप्शनला ही सवलत नाही. त्याच्या वर निलगिरी समुद्रात उतरते आहे आणि प्रेक्षकाला ती बघायची आहे. म्हणून कॅप्शनची ओळ एका नजरेत उचलता आली पाहिजे. डोळा ओळीच्या टोकाला पोहोचला की तिथे अर्थाचा एक तुकडा पुरा झालेला असावा, म्हणजे त्याला चित्राकडे जायची मोकळीक मिळते.

अर्थाचा तुकडा कुठे पुरा होतो हे इंग्रजी नियमांतून मराठीत जसंच्या तसं आणता येत नाही, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. इंग्रजी नियमावली सांगते की शब्दयोगी अव्यय आणि त्याचं नाम तोडू नका. मराठीत हा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही, कारण ‘गोदीपासून’, ‘बंदरासमोर’, ‘कामगारांसाठी’ हे आपण एकत्रच लिहितो. तीच नियमावली सांगते की उभयान्वयी अव्ययानं नवी ओळ सुरू करा. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’ यांना ते लागू आहे. ‘की’ला लागू नाही. ‘मला वाटतं की’ म्हणताना आपण ‘की’च्या आधी थांबत नाही, नंतर थांबतो. म्हणून ‘की’ वरच्या ओळीतच राहायला हवा. ‘तर’चंही तसंच. ‘पाऊस आला तर’ मधला ‘तर’ मागच्या क्रियापदाचा आहे, तो त्याच्याच ओळीत राहणार. ‘नुसतं बांधलं नाही, तर’ मधला ‘तर’ मात्र पुढच्या ओळीचा. आणि ‘पण’ दोन प्रकारचे आहेत. ‘मी पण गोदीत होतो’ यातला ‘पण’ ‘मी’ला चिकटलेला आहे. ‘मी गोदीत होतो, पण जहाज चुकलं’ यातला ‘पण’ नव्या ओळीचा मालक आहे. कुठलाही आपोआप ओळी पाडणारा प्रोग्राम हे दोन ‘पण’ वेगळे करील यावर विसंबू नये. वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं की फरक लगेच कळतो.

मराठीत जपून ठेवायच्या जोड्या फार नाहीत, पण त्यांत हयगय चालत नाही. नाव आणि आडनाव. आकडा आणि त्याचं परिमाण. तारीख आणि महिना. विशेषण आणि नाम, त्यातही ‘-लेला’, ‘-णारा’ अशी लांब विशेषणं. संयुक्त क्रियापदाचे दोन भाग, म्हणजे ‘करून टाकलं’, ‘बघत राहिलो’, ‘सांगता येईल’. ‘दाखल होणं’, ‘सुरू करणं’ यांसारखी नाम अधिक क्रियापद अशी जोडी. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची जोडी म्हणजे क्रियापद आणि त्यामागून येणारं ‘नाही’.

इथे थोडं थांबतो, कारण प्रचारफितीत सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे ओळ कुठेही तुटली तरी नकार आधी वाचून झालेला असतो. आपला नकार शेवटी येतो. फितीत एखादा जुना गोदी कामगार कॅमेऱ्यासमोर म्हणतो, ‘इतकी वर्षं झाली, पण या गोदीतलं काम कधी थांबलं नाही.’ ओळींची मोजणी अशी जुळते की पहिल्या कॅप्शनमध्ये ‘पण या गोदीतलं काम कधी थांबलं’ येतं आणि ‘नाही’ पुढच्या वाक्याला चिकटून दुसऱ्या कॅप्शनमध्ये जातं. आवाज बंद ठेवून फोनवर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन सेकंद उलट अर्थ उभा राहतो. हार्बर लोकलच्या गर्दीत अंगठ्यानं फीत पुढे ढकलणारा तर ‘नाही’ पर्यंत पोहोचतच नाही. ज्या फितीचं कामच लोकांना काही चांगलं सांगायचं आहे, ती त्याच्या बरोबर विरुद्ध सांगून मोकळी होते. म्हणून नियम असा: क्रियापदापासून ‘नाही’, ‘नव्हतं’, ‘नको’ कधीही सुटे करू नयेत. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत तर नकोच, पण एका कॅप्शनमधून दुसऱ्यात अजिबात नको. त्यासाठी ओळ आखूड करावी लागली, लांब करावी लागली, कॅप्शनची वेळ चार-सहा फ्रेम मागेपुढे करावी लागली तरी चालेल.

तोच कामगार पुढे म्हणाला, ‘आम्ही जहाज नुसतं बांधलं नाही, तर त्याच्याबरोबर वाढलो.’ हे वाक्य कसं मोडायचं हे आता सांगायला नको. ‘नाही,’ वर पहिली ओळ संपते, ‘तर’नं दुसरी सुरू होते, आणि स्वल्पविराम ओळीच्या टोकाला राहतो. दोन्ही ओळींची लांबी जवळपास सारखी आली हे सुदैव. तशी नसती तरी मी ओळ इथेच मोडली असती. दोन ओळी सारख्या लांबीच्या दिसाव्यात हा आग्रह डिझाइनवाल्या मंडळींचा असतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण अर्थाच्या जोडापुढे त्याला दुसरी जागा मिळावी.

आता मोजणीकडे परत येऊ, कारण मोजायचं तर नीट मोजायला हवं. ‘माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या’ या ओळीत संगणक २६ वर्ण मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त यांना तो प्रत्येकी एक धरतो, शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागाही धरतो. डोळा मात्र बारा अक्षरं वाचतो: मा, झ, गा, व, डॉ, क, म, ध्ये, बां, ध, ले, ल्या. यातला ‘ध्ये’ संगणकाला चार वर्णांचा आहे, पडद्यावर तो एका अक्षराची जागा घेतो. उलट ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही अक्षरं एकेका वर्णाची असूनही चांगली रुंद आहेत. त्यामुळे ४२ ला मराठीत तसा काही आधार नाही. जोडाक्षरं जास्त असलेली ओळ ४२ च्या पुढे जाऊनही आखूड दिसते, आणि ‘आणखी अडथळा’ यासारखे शब्द असलेली ओळ कमी मोजणीतही पसरते. मी वर्णांची मर्यादा फक्त इशारा म्हणून ठेवतो आणि खरा निर्णय रुंदीवर घेतो. चौकटीच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश जागेत ओळ बसली पाहिजे. ती बसत नसेल तर अर्थाचा आणखी एक जोड शोधायचा. फॉन्ट लहान करणं हा शेवटचा उपाय.

रुंदीपेक्षा देवनागरीचा जास्त त्रास उंचीचा होतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लॅटिन लिपीसाठी बसवलेलं दोन ओळींमधलं अंतर मराठीला अपुरं पडतं. वरच्या ओळीतल्या ‘युद्ध’ चा उकार आणि खालच्या ओळीतल्या ‘दिवशी’ च्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी असेल तर ती उकार कापते, आणि ‘पुढे’ चं ‘पढे’ दिसतं. अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट अंतर ठेवून पाहावं आणि ‘सूर्य’, ‘दृष्टी’, ‘कुटुंब’ असे वरखाली पसरलेले शब्द दोन्ही ओळींत टाकून तपासावं. दुसरं असं की अक्षरांमधलं अंतर, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, ते शून्यच ठेवावं. इंग्रजी शीर्षकाला ऐसपैस दिसावं म्हणून वाढवलेलं ट्रॅकिंग मराठीला लावलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्दपणा जातो. अक्षरांना जाड काळी कडा दिली तर ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. कडेऐवजी मंद सावली बरी. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात, आणि त्यांचे मधल्या जाडीचे प्रकार कॅप्शनला पुरतात.

सॉफ्टवेअर बदललं, दुसऱ्या संगणकावर काम उघडलं किंवा फीत बाहेर पाठवली की पहिल्यांदा एक शब्द तपासावा: ‘किनाऱ्यावर’. माझगावच्या फितीत तो येणारच. त्यातला ऱ्य हा मराठीचा खास जोड आहे. मजकूर जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेला असेल तर तिथे हमखास ‘किनार्यावर’ होतं, म्हणजे रफार चढतो. अडाणी मजकूरयंत्रणेत जोड मोडून हलन्त उघडा पडतो. वेलांटी चुकीच्या बाजूला गेलेली किंवा जोडाक्षरं सुटलेली दिसली तर टंकलेखनाला दोष देऊ नये. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मजकुरासाठी भारतीय लिप्यांचा पर्याय निवडायचा राहिलेला असतो; काही सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव `South Asian and Middle Eastern` असं असतं. आणि एसआरटी फाइल साठवताना एन्कोडिंग `UTF-8` नसेल तर पलीकडे प्रश्नचिन्हांच्या रांगा निघतात.

आजकाल ही फीत आडवी तशी उभीही करावी लागते. उभ्या चौकटीत रुंदी पुष्कळ कमी होते, मग वरचे सगळे नियम एकमेकांशी भांडायला लागतात. ‘सुरत आणि निलगिरी या युद्धनौका’ ही ओळ तिथे मावणार नाही. मावेल इतका फॉन्ट लहान केला तर फोनवर वाचता येणार नाही. अशा वेळी मी तिसरी ओळ चालवून घेतो:

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या
सुरत आणि निलगिरी
या युद्धनौका

उभ्या चौकटीत उंचीला तोटा नसतो, रुंदीला असतो. तीन ओळी झाल्या तरी ‘या’ आपल्या नामाबरोबर आहे आणि ‘बांधलेल्या’ त्याच कॅप्शनमध्ये आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तारखेचं कॅप्शनही तिथे दोन ओळींचं होईल, पण ‘१५ जानेवारी २०२५’ अखंड राहील. मजकूर अगदी तळाशी मात्र ठेवू नये. तिथे ॲपचं स्वतःचं नाव, वर्णन आणि उजवीकडे बटणांची रांग येते, आणि क्रियापद नेमकं त्यांच्याखाली जातं. मुलाखतीत बोलणाऱ्याची नावपट्टी आली की तेवढ्यापुरतं कॅप्शन तिच्या वर चढवावं.

एकेक शब्द टप टप उमटवायची पद्धत उभ्या फितींमध्ये फार चालते, आणि प्रचारफीत मागवणारे तिचाच आग्रह धरतात. मराठीसाठी मी तिच्या ठाम विरोधात आहे. ज्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, तिथे एकेक शब्द दाखवणं म्हणजे वाचणाऱ्याला सगळं वाक्य डोक्यात साठवत शेवटच्या शब्दाची वाट बघायला लावणं. चालू शब्दाचा रंग बदलायचा असेल तर बदलावा, पण पूर्ण तुकडा पडद्यावर उभा असू द्यावा.

वेळेबद्दल थोडक्यात. कॅप्शन एका सेकंदाच्या आत गायब होऊ नये आणि सात सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये. रेंगाळलं की लोक ते पुन्हा वाचायला लागतात. दृश्याचा कट जवळपास असेल तर कॅप्शन कटवरच संपवावं. कटनंतर तीन-चार फ्रेम ओघळलेलं कॅप्शन डोळ्याला झटका देतं आणि वाचणारा ते नवं समजून पहिल्यापासून वाचू लागतो. पुरेसा वेळ मिळाला का हे पाहायची माझी परीक्षा साधी आहे. आवाज बंद करायचा आणि ज्यानं निवेदन ऐकलेलंच नाही अशा माणसाला फीत दाखवायची. त्यानं कॅप्शन दबक्या आवाजात वाचावं. वाचून झाल्यावर त्याला चित्रातलं काहीही विचारावं. मागे क्रेन होती का, पाणबुडीवर माणसं उभी होती का. सांगता आलं नाही तर कॅप्शननं चित्र खाल्लं आहे. ज्यानं निवेदन लिहिलं किंवा फीत कापली तो या परीक्षेला बसू शकत नाही. त्याला मजकूर पाठ असतो आणि पाठ मजकुराला वेळ लागतच नाही.

बहिऱ्या प्रेक्षकांसाठी आवाजही लिहावे लागतात. फीत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीवर संपत असेल तर बंदरात उभ्या जहाजांचे भोंगे एकदम वाजतात, माझगावात ते घराघरांत ऐकू येतात. त्या दृश्यात बोलणं नसतं म्हणून कॅप्शनची जागा मोकळी सोडली तर बहिऱ्या माणसाला नुसते दिवे दिसतात. चौकटी कंसात ‘[बंदरातल्या जहाजांचे भोंगे]’ एवढं लिहावं आणि ते भोंगे सुरू होतात त्याच फ्रेमवर आणावं. ‘[संगीत]’ असं मोघम लिहून काही साधत नाही. कुणाची बोली पडद्यावर आणताना ती प्रमाण मराठीत बदलू नये, हेही इथेच सांगतो. म्हातारपाखाडीतल्या ईस्ट इंडियन कुटुंबातली आजी तिच्या बोलीत सांगत असेल तर कॅप्शनमध्ये तिचेच शब्द यावेत. अडखळणं आणि दोनदा आलेले शब्द गाळायला हरकत नाही.

इतकं सगळं करूनही काही वाक्यं मोडता येत नाहीत, कारण ती पडद्यासाठी लिहिलेलीच नसतात. माझगावच्या फितीत बॅप्टिस्टांवर वाक्य हवंच. संहितालेखक साधारणपणे असं लिहितो: ‘ज्यांना लोक प्रेमानं काका म्हणत आणि जे १९२५ साली मुंबईचे महापौर झाले, ते लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा १८६४ साली याच म्हातारपाखाडीत जन्मले.’ कागदावर हे चालून जातं. पडद्यावर त्याची चार कॅप्शनं होतात आणि माणसाचं नाव तिसऱ्यात उगवतं. तोवर ‘ज्यांना’, ‘जे’, ‘ते’ कुणाबद्दल आहेत हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. ओळी कशाही पाडा, ही अडचण सुटत नाही. वाक्यच नव्यानं रचावं लागतं:

जोसेफ बॅप्टिस्टा याच म्हातारपाखाडीतले.
जन्म १८६४ चा.

टिळकांचे सहकारी.
लोक त्यांना काका म्हणत.

१९२५ साली
ते मुंबईचे महापौर झाले.

हे बदल निवेदन ध्वनिमुद्रित व्हायच्या आधीच करावे लागतात. नंतर केले तर कानाला एक ऐकू येतं आणि डोळ्याला दुसरं दिसतं. म्हणून कॅप्शन करणाऱ्याला संहिता सगळ्यात शेवटी मिळते ही आपल्याकडची पद्धत मला मोडायची आहे. निवेदकाच्या हातात जाणारी प्रतच कॅप्शनसारखी ओळी पाडून छापावी. निवेदक मग त्याच ओळींवर श्वास घेतो, आणि एडिटरला टाइमलाइनवर कॅप्शनं बसवताना जागा शोधत बसावं लागत नाही. पुढच्या पानांत अशा प्रतीचा एक नमुना पूर्ण दिला आहे, माझगावच्या याच दोन मिनिटांचा. डाव्या बाजूला आडव्या चौकटीच्या ओळी आहेत, उजवीकडे उभ्या चौकटीच्या, आणि जिथे दोन्हींचे जोड वेगळ्या ठिकाणी पडले तिथे समासात कारण लिहिलं आहे.